पांढऱ्या कार्डावरच्या ओळी: एआरटी केंद्रातल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आज कामाला सुरुवात केली. आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाचं एक पांढरं कार्ड असतं. रुग्ण आला की एक ओळ भरायची: तारीख, वजन, टीबीची लक्षणं, शिल्लक गोळ्या, दिलेल्या गोळ्या, नियमितपणाची टक्केवारी, पुढची तारीख, सही. महिन्याचे अहवाल आणि 'सोच' प्रणालीतली भरणी आम्ही या कार्डावरूनच करतो. पण माणसाची खरी हकिकत कार्डावरच राहते, विशेषतः समासात पेन्सिलीने लिहिलेली. डॉक्टर मॅडमसमोर रक्तातल्या विषाणूचं वाढलेलं प्रमाण, म्हणजे वाढलेला व्हायरल लोड, आला की त्या कार्ड उलटंपालटं करत मागच्या वर्षात काय झालं ते शोधतात, आणि तोवर बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात. मला त्यांच्या हातात एकच कागद द्यायचा आहे. भेटीमागून भेट, प्रत्येक भेटीला एक ओळ, आणि ओळीओळींमध्ये किती दिवस गोळ्या हातात होत्या त्याचा हिशेब.

कामाला बसण्याआधी काही गोष्टी ठरवल्या. कार्ड खोलीबाहेर जाणार नाही आणि मोबाईलवर त्याचा फोटो कोणीही काढणार नाही. तक्त्यात नाव, गाव, फोन नंबर नाही, एआरटी क्रमांकही नाही, फक्त आमचा अनुक्रमांक. क्रमांकांची जोडणी वेगळ्या वहीत राहील आणि वही कपाटात. काम ज्या संगणकावर चालेल त्याला इंटरनेट नाही. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने ही माहिती सांभाळणं बंधनकारक केलं आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं, कारण एक कार्ड चुकीच्या हातात पडलं तर एका बाईचं घर मोडू शकतं. असं झालेलं मी पाहिलं आहे.

५ जून

पहिली दहा कार्डं मी आणि स्टाफ नर्स ताईंनी वेगवेगळी भरली, एकमेकींचं न पाहता. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. तारखा बहुतेक जुळल्या. वजनं मात्र जागोजागी वेगळी निघाली.

कारण हस्ताक्षर नव्हतं, आकड्यांची लिपी होती. आमच्याकडे काही जण मराठी आकडे लिहितात, काही इंग्रजी, आणि घाईत एकाच ओळीत दोन्ही येतात. घाईतला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी चार इंग्रजी आठसारखा आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा. एका कार्डावर ताईंनी वजन ५१ वाचलं आणि मी ४९, आणि कागदावर ते दोन्ही वाचता येत होतं. ओळीतली तारीख कोणत्या आकड्यांत आहे ते पाहून निकाल लागला. तारीख मराठीत होती, म्हणजे ५१.

हा नियम आता पक्का केला: शंका आली की आधी त्याच हाताने त्याच ओळीत लिहिलेली तारीख बघायची.

६ जून

वजनासाठी एक खूणही ठेवली. लागोपाठच्या दोन भेटींत पाच किलोपेक्षा जास्त फरक दिसला की ओळ पिवळी होते. पण पिवळी ओळ आपोआप दुरुस्त करायची नाही, परत कार्डाकडे जायचं. एका कार्डावर ५२ नंतर ४५ होतं. मला खात्रीने वाटलं की वाचनाची चूक आहे, मी ५५ करणार होते. ताईंनी बोट ठेवून खालच्या दोन ओळी दाखवल्या. टीबीचं औषध सुरू झालेलं होतं. वजन खरंच सात किलोने उतरलं होतं.

११ जून

शिल्लक गोळ्यांचा रकाना सगळ्यात अवघड निघाला.

हिशेब तसा सोपा आहे. मागच्या भेटीत हातात किती गोळ्या होत्या, त्यातून आजची शिल्लक वजा केली की घेतलेल्या गोळ्या मिळतात. मधल्या दिवसांत किती घ्यायला हव्या होत्या, त्याने भागायचं.

```
taken    = left_prev + given_prev - left_now
expected = (date_now - date_prev) * pills_per_day
adh_pct  = 100 * taken / expected
```

`pills_per_day` हा प्रत्येक ओळीला वेगळा रकाना ठेवावा लागला. जुन्या झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिनच्या एकत्रित गोळ्या दिवसाला दोन असायच्या, महिन्याला ६०. आताची टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, दिवसाला एक, महिन्याला ३०. हे न पाहता हिशेब केला की जुनी चांगली माणसं दोनशे टक्के दिसतात.

अडचण सूत्रात नव्हतीच, `left_now` मध्ये होती. काही ओळींत तिथे शून्य आहे, काही ओळी रिकाम्या, काही ठिकाणी आडवी रेघ. मी सुरुवातीला सगळ्यांना शून्य धरत होते. मग फार्मासिस्ट सरांना विचारलं.

ते म्हणाले, "मी रेघ मारतो तेव्हा पेशंटने बाटली आणलेली नसते. पण माझ्या आधी जे होते ते शून्याच्या जागी रेघ मारायचे. सही बघा, कळेल."

खरंच सहीने कळलं. शेवटच्या रकान्यातली आद्याक्षरं पाहून रेघेचा अर्थ लावला. आता तक्त्यात तीन वेगळ्या गोष्टी लिहिते: शून्य, आणल्या नाहीत, लिहिलेलं नाही. शेवटच्या दोन प्रकारांत टक्केवारी निघत नाही आणि मी ती काढतही नाही. रकाना रिकामा राहू दे. बाटली घरी विसरलेल्या माणसाला शून्य शिल्लक दिली की त्याने सगळ्या गोळ्या खाल्ल्या असा अर्थ निघतो.

उलट बाजूही आहे. काही ओळी ११० किंवा १२० टक्के येतात. त्या कापून १०० करायचा मोह होतो. मी तशाच ठेवल्या. असायला हव्या होत्या त्यापेक्षा कमी गोळ्या उरल्या, तर त्या हरवल्या असतील, नवऱ्याला दिल्या असतील, किंवा भेटीआधी कोणी बाटली रिकामी करून आणली असेल. हे काउन्सेलर मॅडमनी विचारायचं आहे, मी झाकून टाकायचं नाही.

१४ जून

व्हायरल लोडसाठी दोन रकाने केले. एकात कार्डावर जसं लिहिलं तसं, दुसऱ्यात आकडा असेल तर आकडा. 'टीएनडी', म्हणजे विषाणू सापडलाच नाही, किंवा 'अमुकपेक्षा कमी' याला शून्य लिहायचं नाही. यंत्राची मोजण्याची खालची मर्यादा सगळीकडे सारखी नसते. आमच्या कामाची रेषा दर मिलिलिटरमागे विषाणूच्या एक हजार कॉपींची आहे आणि या दोन्ही नोंदी तिच्याखालीच असतात, एवढं पुरे.

२६ जून

साठ कार्डं झाली. आज टक्केवारीचा कार्डावरचा रकाना आणि आमची मोजलेली टक्केवारी शेजारी ठेवली. कार्डावर जवळजवळ सगळीकडे '>९५%'. आमच्या हिशेबात तसं नव्हतं.

कुठे फरक पडतो ते शोधायला दिवस गेला. शेवटी दिसलं की कार्डावरचा भागाकार ठरलेल्या दिवसांनी होतो, प्रत्यक्ष दिवसांनी नाही. तीस गोळ्या दिल्या, त्या संपल्या, म्हणजे तीस दिवसांच्या तीस घेतल्या, शंभर टक्के. पण माणूस तिसाव्या दिवशी आलाच नव्हता, पंचेचाळिसाव्या दिवशी आला. मधले पंधरा दिवस भागाकारात कुठेच नाहीत. ते फक्त दोन तारखांमधल्या अंतरात आहेत, आणि गर्दीच्या ओपीडीत ते अंतर मोजायला कोणाला वेळ असतो? मी यात कोणाला दोष देत नाही. मी स्वतः चार वर्षं तसंच '>९५%' अहवालात चढवलं आहे.

२ जुलै

अनुक्रमांक ११२. या एका कार्डावर तीन दिवस गेले, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. ओळख लपवण्यासाठी इथल्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवल्या आहेत. अंतरं खरी आहेत.

बाई ऊसतोड कामगार. मराठवाड्यातल्या आमच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. औषध टीएलडी, दिवसाला एक. २०२१ च्या ऑक्टोबरात व्हायरल लोड टीएनडी.

१२ जुलै २०२२ ला शिल्लक ४, दिल्या ३०. ११ ऑगस्टला शिल्लक ४, दिल्या ३०. तीस दिवस, तीस गोळ्या, सगळं बरोबर. पुढची ओळ २६ सप्टेंबरची आहे: शिल्लक ०, कार्डावर '>९५%'. हातात ३४ गोळ्या होत्या आणि दिवस ४६ गेले. म्हणजे ७४ टक्के. बारा दिवस गोळीच नव्हती. कारणाचा रकाना कोरा, कारण ९५ च्या वर लिहिलं की कारण विचारायचं राहून जातं. समासात मात्र पेन्सिलीने दोन शब्द होते: 'भाडे नाही'.

त्या दिवशी तिला हंगामासाठी ९० गोळ्या दिल्या. त्या २५ डिसेंबरपर्यंत पुरतात. कार्डावर पुढची ओळ थेट १७ एप्रिल २०२३. मधे लाल पेनाने लिहिलेलं, 'एलएफयू', म्हणजे संपर्क तुटलेला. आमच्या हिशेबाप्रमाणे ११३ दिवस औषधाविना. एप्रिलमध्ये शिल्लक ०, वजन ४६ वरून ४२.

पुढची ओळ १६ मे ची. एकोणतीस दिवस, तीसपैकी एक शिल्लक, १०० टक्के. आणि त्याच ओळीत व्हायरल लोड: २३,६००.

ही ओळ एकटी वाचली तर कोणालाही धडकी भरेल. बाई शंभर टक्के गोळ्या घेते आहे आणि विषाणू तेवीस हजारांवर आहे, म्हणजे औषध चालत नाही, प्रतिरोध आला असावा.

४ जुलै

प्रयोगशाळेच्या पाकिटातून ११२ चा मूळ कागद काढला. रक्त १७ एप्रिलला घेतलेलं होतं. अहवाल आल्यावर कोणीतरी तो त्या दिवशीच्या, म्हणजे मे महिन्याच्या ओळीत लिहिला. तो आकडा मे मधल्या शंभर टक्क्यांबद्दल काहीच सांगत नाही, एप्रिलच्या आधीच्या दिवसांबद्दल सांगतो.

आता तक्त्यात `sample_date` वेगळा आहे आणि व्हायरल लोड नेहमी रक्त घेतलेल्या दिवसाच्या ओळीला जोडला जातो. मागची साठही कार्डं परत काढली. व्हायरल लोडच्या बहुतेक नोंदी एक ओळ, काही दोन ओळी खाली सरकलेल्या होत्या. जिथे मूळ कागद सापडत नाही तिथे `sample_date` रिकामा ठेवते आणि तो आकडा कोणत्याही टक्केवारीशेजारी छापत नाही.

९ जुलै

आज ११२ स्वतः आली होती. काउन्सेलर मॅडमनी तिला आधी विचारलं, मग मला बोलावलं. तिने पिशवीतून हिरवं पुस्तक काढलं. हे पुस्तक रुग्णाजवळ असतं आणि दुसऱ्या केंद्रावरून गोळ्या घेतल्या तर नोंद त्यातच होते. आमच्या कार्डावर ती आपोआप येत नाही.

पुस्तकात कारखान्याजवळच्या केंद्राचे तीन शिक्के होते. २२ डिसेंबर २०२२: शिल्लक ३, दिल्या ३०. २० जानेवारी: शिल्लक ४, दिल्या ३०. १९ फेब्रुवारी: शिल्लक ४, दिल्या ३०. पानाच्या आकड्यांवर बोट ठेवून मी मोजत गेले आणि एकेक जुळत गेला. २६ सप्टेंबरच्या नव्वदपैकी सत्त्याऐंशी दिवसांनी तीन उरायला हव्या होत्या, तीनच उरल्या होत्या. ज्या बाईच्या नावापुढे आम्ही लाल पेनाने संपर्क तुटला असं लिहिलं, ती त्या काळात दर महिन्याला ऊस तोडायचा खाडा करून रांगेत उभी होती, आणि तिची एकही गोळी चुकलेली नव्हती.

फेब्रुवारीच्या ३४ गोळ्या २५ मार्चला संपल्या. मार्चमध्ये मुकादमाने टोळी दुसऱ्या कारखान्यावर हलवली. तिथलं केंद्र कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "विचारायचं कुणाला, ताई? विचारलं की फडात सगळ्यांना कळलं. बाटली मी कोपीत पिठाच्या डब्यात ठेवते. पीठ मीच काढते, दुसरं कुणी हात घालत नाही."

मॅडमनी विचारलं की मग गोळ्या संपल्यावर काय केलं. "पट्टा पडायची वाट बघितली," ती म्हणाली.

२५ मार्च ते १७ एप्रिल, तेवीस दिवस. गोळी थांबली की विषाणू परत वाढायला दोन ते चार आठवडे पुरतात, आणि रक्त नेमकं तेविसाव्या दिवशी घेतलं गेलं. २३,६०० या आकड्याला तेवढं कारण पुरेसं आहे.

१० जुलै

११२ च्या सगळ्या भेटींची पूर्ण पट्टी आज परत मांडली. सप्टेंबर ते एप्रिल २०३ दिवस, गोळ्या १८०, नियमितपणा ८९ टक्के. पण ही सरासरी मी कागदावर छापणार नाही. ८९ टक्के म्हणजे आठवड्यातून एखादी गोळी विसरणारी बाई असं वाटतं. ही बाई १८० दिवस एकही गोळी चुकली नाही आणि नंतर सलग तेवीस दिवस तिच्याकडे गोळीच नव्हती. पहिल्या बाईला आठवण करून द्यायला हवी. दुसरीला आठवणीचा काही उपयोग नाही, तिला पुढच्या कारखान्याजवळच्या केंद्राचा पत्ता हवा.

म्हणून टक्केवारीच्या जागी आता 'गोळी हातात नव्हती ते दिवस' असा रकाना आहे, कधीपासून कधीपर्यंत ते तारखेसह. टक्केवारी शेजारी बारीक अक्षरात.

११२ ची पुढची ओळही त्या पट्टीवर आली. वाढलेला लोड आल्यावर नियमाप्रमाणे काउन्सेलर मॅडमनी दर महिन्याला बोलावून समुपदेशन केलं, नियमित गोळ्यांचे तीन महिने पाहिले आणि रक्त परत पाठवलं. २० जुलै २०२३ चा नमुना: टीएनडी. वजन ४५. औषध बदलावं लागलं नाही. त्या वेळी हा तक्ता नव्हता, डॉक्टर मॅडमनी धीर धरला म्हणून ते निभावलं.

१९ जुलै

कारणांचा रकाना. कार्डावर कारणासाठी ठरलेले क्रमांक आहेत, आणि 'विसरले' हा क्रमांक इतका जास्त वेळा येतो की त्यावर विश्वास बसत नाही. काउन्सेलर मॅडमशी बसून बोलले. त्या म्हणाल्या की पेशंट पहिल्यांदा विसरलेच म्हणतात, ते सगळ्यात सोपं उत्तर असतं. खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतं, तोवर ओळ भरून झालेली असते आणि मग ते समासात जातं.

त्यामुळे समास जसाच्या तसा उतरवतो आहोत, शब्दही न बदलता. 'दारू', 'सासूला माहीत नाही', 'ट्रकवर', 'उपास', 'बाटली खडखडते'. हा शेवटचा शब्द मला कळेना. ताईंनी सांगितलं, बाटलीतल्या गोळ्यांचा आवाज होतो म्हणून एसटीत, पाहुण्यांकडे नेत नाहीत. मॅडम अशांना झाकणाखाली कापूस भरून देतात.

५ ऑगस्ट

कागद छापला. वर व्हायरल लोड, रक्ताच्या तारखेवर. त्याखाली वजन. त्याखाली पट्टी: गोळी हातात होती तिथे भरीव, नव्हती तिथे पांढरी, आणि शिल्लक माहीत नाही किंवा हिरवं पुस्तक पाहिलेलं नाही तिथे तिरक्या रेघा. हे तिसरं चिन्ह डॉक्टर मॅडमनी मागून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की पांढरी पट्टी दिसली की त्या रुग्णाला तुम्ही गोळ्या का सोडल्या असं विचारणार, आणि गोळ्या त्याने दुसरीकडून घेतल्या असतील तर तो पुढच्या वेळी खरं बोलणार नाही. रेघा दिसल्या तर त्या विचारतील, "हिरवं पुस्तक आणलंय का?"

एक मर्यादाही कागदावर तळाला छापली आहे. पट्टी फक्त हातातल्या गोळ्या दाखवते, पोटात गेलेल्या नाही. पट्टी पूर्ण भरीव आणि तरी व्हायरल लोड हजाराच्या वर राहिला, तर आधी रक्ताची तारीख तपासायची, मग गोळ्या खरंच घेतल्या का ते विचारायचं, सोबत आम्लपित्ताचं किंवा कॅल्शियम-लोहाचं औषध चालू आहे का तेही, कारण ती एकाच वेळी घेतली तर डोल्युटेग्राव्हिर कमी शोषलं जातं. पुढचा विचार त्यानंतर, आणि तो डॉक्टरांचा.

२० ऑगस्ट

२१० कार्डं झाली. हंगामाला दोन महिने आहेत. आज तक्त्यातून एकच यादी काढली: ज्यांच्या पट्टीत मार्च-एप्रिलमध्ये पांढरं किंवा तिरकं काही आहे ते रुग्ण. एकतीस निघाले. फार्मासिस्ट सरांना विचारलं की यांना निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का. साठा तेवढा आहे, ते म्हणाले. काउन्सेलर मॅडम प्रत्येकाला विचारणार आहेत की यंदा कोणत्या कारखान्यावर जाणार आणि टोळी मधेच हलली तर कुठे. त्या भागातल्या केंद्रांचे पत्ते मी हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानात मावतील एवढ्या चिठ्ठीवर लिहिते आहे. चिठ्ठीवर फक्त दवाखान्याचं नाव, खोलीचा नंबर आणि वार. कसला दवाखाना ते नाही.

११२ ला पुढच्या सोमवारी बोलावलं आहे.